ओला पंजा

रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी रुग्णालयाच्या फोनवर एक छायाचित्र आले आणि त्याखाली एकच ओळ होती : ‘हा भटका कुत्रा सकाळपासून तोंड मिटत नाही, लवकर या.’ त्यापुढच्या संदेशात पत्ता होता. मी लगेच उलट फोन लावला, तर तो बंद. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, तरी बंदच.

मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या दिवशी माझी रात्रपाळी होती. सर आतल्या खोलीत एका अडलेल्या गाईपाशी होते. त्यांचा हात खांद्यापर्यंत आत होता आणि वासराचे मागे वळलेले डोके सरळ केल्याशिवाय तो बाहेर येण्यासारखा नव्हता. मी दारातूनच छायाचित्राबद्दल सांगितले. त्यांनी मान न वळवता सांगितले, ‘‘दोनच प्रश्नांची उत्तरं हवीत. गाडी आत्ता पाठवायची की सकाळी, आणि पाठवायची तर कोणत्या तयारीनं. दहा मिनिटांत लिहून दाखव. जे दिसतंय ते एका बाजूला लिही, जे दिसत नाही ते दुसऱ्या.’’

गाडी एकच होती. परिचर काका बाहेर तिच्यापाशी उभे होते आणि जाळी घ्यायची की साधा पट्टा पुरे, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

मी कागदावर मधोमध रेघ ओढली. पहिल्या दोन ओळी सहज लिहिल्या गेल्या. नर, वय अंदाजे तीन ते पाच वर्षे, डाव्या कानाच्या टोकाला खाच, म्हणजे कधीतरी नसबंदी झालेली. नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही बहुधा टोचली गेली असणार, असा विचार मनात आला आणि तो मला फार सोयीचा वाटला, म्हणूनच मी तो कागदावर येऊ दिला नाही. लस कधी टोचली आणि नंतर पुन्हा टोचली का, हे कानाच्या खाचेवरून कळत नाही. शेवटच्या तीन बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या, कंबरेची हाडे वर आली होती आणि पोट आत ओढलेले होते, तेव्हा नऊ अंकांच्या मापावर मी त्याला तीन दिले. अंगावर खरजेचे चट्टे नव्हते. कानांच्या कडा आणि पायांची कोपरे, जिथे खरूज आधी दिसते, ते भाग केसांनी भरलेले होते. नाकाडावर पापुद्रे नव्हते आणि डोळ्यांत चिकट स्राव नव्हता, त्यामुळे डिस्टेंपर या रोगाकडे बोट दाखवणारी ठळक खूण तरी सापडत नव्हती. फ्लॅशच्या उजेडात दोन्ही डोळे सारखेच हिरवट चमकत होते.

एवढे झाले आणि मी तोंडावर आले. खालचा जबडा सैल पडून दोन बोटांएवढे तोंड उघडे राहिले होते आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती, जिच्या टोकाला किंचित लालसर छटा होती. वर्गात शिकवलेले सगळे एकदम आठवले. जबड्याच्या स्नायूंचा पक्षाघात हे रेबीजच्या मुक्या प्रकाराचे लक्षण असू शकते. जबड्याची नस सुजली तरीही तोंड असेच उघडे राहते. हाड मोडले किंवा सांधा निखळला तरीही तसेच होते आणि तोंडात काही अडकले तरीही. यांतले पहिले निदान जिवंत कुत्र्यात पक्के करता येत नाही. ते मेंदूच्या तपासणीवर ठरते. उरलेली तीन तोंड तपासून, क्ष-किरण चित्र काढून किंवा काही दिवस वाट पाहून ठरवता येतात. माझ्यापुढे मात्र तळहाताएवढा पडदा होता आणि त्यावर एक थांबलेला क्षण.

दुसऱ्या बाजूची यादी पाहता पाहता पहिलीपेक्षा लांब झाली. तापमान दिसत नाही. नाडी दिसत नाही. श्वासाची गती दिसत नाही, कारण छायाचित्रातला प्राणी श्वासच घेत नाही. चालताना मागचे पाय लटपटतात का, आवाज बदलला आहे का, पाणी पुढे ठेवले तर तो पिऊ पाहतो का, हे काहीच कळत नव्हते. हिरड्यांचा रंग लिहिताना माझा हात अडखळला. ओठाची आतली कड थोडी दिसत होती आणि ती पांढुरकी होती, पण जिभेचे टोकही तसेच पांढुरके होते आणि मागची भिंतसुद्धा. जवळून मारलेला फ्लॅश असे सगळेच रंग धुऊन काढतो. मी आधी ‘हिरड्या फिकट’ असे पहिल्या बाजूला लिहिले, मग खोडले आणि दुसऱ्या बाजूला ‘हिरड्यांचा रंग – सांगता येत नाही’ असे लिहिले. भित्रेपणाने लिहिल्यासारखे ते वाटले, हे मान्य करते.

छायाचित्र मोठे करून मी खालच्या कोपऱ्याकडे सरकले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे पुढचा उजवा पंजा. अंगावरचा केस भुरा आणि कोरडा होता, पण या पंजाचा केस मनगटापर्यंत काळपट ओला होऊन एकमेकांना चिकटला होता. डावा पंजा कोरडा होता. जमीनही कोरडी होती, त्यामुळे तो पाण्यातून आला असेल असे म्हणायला जागा नव्हती. लाळ गळून छाती भिजते, दोन्ही पाय थोडेथोडे भिजतात. एकच पंजा असा मनगटापर्यंत भिजायला तो वारंवार तोंडात जावा लागतो. म्हणजे हा कुत्रा उजव्या पंजाने तोंडातले काहीतरी काढू पाहत होता. मला एवढा आनंद झाला की मी कागद उचलून सरांकडे निघालेसुद्धा.

निघता निघता दुसरी गोष्ट दिसली. चित्राच्या अगदी कडेला, धूसर झालेली, माणसाच्या हाताची दोन बोटे होती. ती कुत्र्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती. मग छायाचित्राची उंचीही लक्षात आली. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होता, म्हणजे काढणारा माणूस त्याच्यासमोर खाली बसला होता, एका हातात फोन आणि दुसरा हात पुढे केलेला. दहा मिनिटे मी कुत्र्याकडे पाहत होते आणि त्या चित्रात माणूसही आहे हे मला दिसलेच नव्हते. मी उभ्या उभ्या संदेश पाठवला : ‘त्याच्या तोंडाला हात लावू नका. दूर व्हा, मुलांनाही जवळ जाऊ देऊ नका. लाळ लागली असेल तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा.’ संदेशापुढे एकच खूण उमटली. तो पोहोचला नव्हता.

सरांनी कागद माझ्या हातातूनच वाचला. वासराचे डोके एव्हाना सरळ झाले होते आणि ते दोर बांधत होते. ‘‘पंजा चांगला पाहिलास,’’ ते म्हणाले, ‘‘पण घशात हाड अडकलंय असं वाटणं, हे या रोगाचं सगळ्यात जुनं सोंग आहे. भल्या माणसांनी याच समजुतीनं आत हात घातलेत. सुरुवातीला पिसाळलेला कुत्राही तोंडावर पंजा मारू शकतो. तुझ्या पंजामुळं काय बदलतं, सांग.’’

मी विचार करून म्हटले, ‘‘सर, पंजामुळं आजच जायचं हे ठरतं. काही अडकलं असेल तर त्याला पाणीही पिता येत नसणार, सकाळपर्यंत थांबणं बरोबर नाही. तयारी मात्र रेबीजचीच.’’

‘‘आणि तो माणूस?’’

‘‘त्याच्यासाठी तर आजच.’’

त्यांनी मान हलवली आणि दोराला ताण दिला. रोगाआधी घ्यायच्या लशीचा पूर्ण क्रम झालेले त्या रात्री काका आणि मी असे दोघेच मोकळे होतो, म्हणून आम्हीच निघालो. जाळी, फाशाची काठी, जाड हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल आणि भुलीचे औषध बरोबर घेतले.

पत्त्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ दिव्याखाली उभे होते. फोनची बॅटरी संपली होती, एवढेच. मी आधी कुत्र्याकडे न जाता त्यांच्याकडे गेले आणि हात दाखवा म्हटले. उजव्या हाताच्या तर्जनीवर दाताचा बारीक ओरखडा होता. त्यांनी हाड काढण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. ‘‘चावला नाही हो, नुसता लागला,’’ असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी त्यांना नळावर उभे केले, घड्याळ लावले आणि ते हात धूत असतानाच समजावले की चावणे आणि लागणे यांत इथे फरक करायचा नसतो, इथून थेट माणसांच्या दवाखान्यात जायचे आणि लशीची पहिली सुई आजच घ्यायची, कुत्र्याचे काय निघते याची वाट पाहायची नाही.

कुत्र्याने जाळीला फारसा विरोध केला नाही, आणि तेवढ्यानेच माझी भीती वाढली. भूल चढल्यावर ढाल लावून, हातमोजे घालून, लांब चिमट्याने आम्ही त्याचे तोंड उघडले. टाळूवर आडवे, उजव्या आणि डाव्या दाढांच्या मधोमध एक चपटे हाड घट्ट बसले होते. त्याची दोन्ही टोके हिरड्यांत रुतली होती आणि भोवतीचे मांस सुजून वर आले होते. चिमट्याने धरून ते पुढे ओढावे, तर दाढांच्या फुगीर भागाशी अडे. मागे ढकलून, जरा तिरके फिरवून मग सुटले. काकांनी ते ताटलीत टाकले तेव्हा नखावर नख आपटावे तसा आवाज झाला.

जबडा आता हाताने मिटला. मी पाठीमागे टेकून बसले असते, पण काकांनी विजेरी तिथेच धरून ठेवली होती. वरचा ओठ उचललेला होता आणि त्या पिवळसर, स्थिर उजेडात हिरडी कागदासारखी पांढरी होती. मी हातमोज्याचे बोट तिच्यावर दाबले आणि सोडले. दाबलेली जागा आणि भोवतालची जागा यांत फरकच कळेना. कानाची पाळी उलटी केली, तर आतल्या घडीत गोचिडांची रांग लागलेली, काही मसुराएवढ्या फुगलेल्या. हाड कालचे होते. हा रक्तक्षय कालचा नव्हता.

रक्ताचा नमुना घेऊन आम्ही परतलो तेव्हा गाय उभी राहून वासराला चाटत होती. विलगीकरणाच्या पिंजऱ्यावर लावायला मी कार्ड भरले. ओरखड्यामुळे 10 दिवस निरीक्षण बंधनकारक होते, म्हणून दहा चौकोन आखले आणि पहिल्यात तारीख घातली. सर हात पुसत आले, कार्ड वाचले आणि माझा तो मधोमध रेघ ओढलेला कागद मागितला. पहिल्या बाजूच्या खोडलेल्या शब्दांवर त्यांचे बोट थांबले.

‘‘हे का खोडलंस?’’

‘‘फ्लॅशमुळं सगळंच पांढरं दिसत होतं, सर. खात्री नव्हती.’’

‘‘मग बरोबर खोडलंस,’’ ते म्हणाले आणि कागद कार्डाच्या मागे टाचून ठेवला. ‘‘आता रक्ताची काचपट्टी रंगव. रक्तपेशींत काय सापडतं ते बघू.’’