राजारामपुरीतल्या हॉलसाठी प्रॉम्प्ट: ऑलिव्ह शेनील सोफा आणि सकाळचं ऊन

सोबत तीन फोटो जोडलेत: रिकामा हॉल, सोफा, आणि सोफ्याच्या कापडाचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी काढलेला क्लोजअप. कापडाचा रंग फक्त या तिसऱ्या फोटोवरून घे, कारण सोफ्याचा फोटो दुकानात पिवळ्या लाईटखाली काढलाय आणि त्यात तो मेंदीसारखा दिसतो, खरा तसा नाहीय.

कोल्हापुरातल्या जुन्या बंगल्याचा हॉल फोटोसारखा खरा दाखव. लांबी पूर्व-पश्चिम १६ फूट, रुंदी १२, उंची १० फूट. कॅमेरा नैऋत्य कोपऱ्यात, जमिनीपासून ४ फुटांवर, २४ एमएम लेन्स, भिंतींच्या उभ्या रेषा सरळच राहू देत. डावीकडे उत्तरेची भिंत, तिला मधोमध टेकून ७ फुटी थ्री सीटर, उजवीकडे पूर्वेची ६ फूट रुंद सागवानी खिडकी, जुने लोखंडी गज तसेच ठेव, काकूंना ते काढायचे नाहीत.

सोफा ऑलिव्ह-करडा शेनील, #77785E च्या आसपास. शेनील म्हणजे वेल्वेट नव्हे हे नीट लक्षात घे, मागच्या इमेजमध्ये तो चकचकीत वेल्वेट झाला होता आणि काकू म्हणाल्या हा आमचा सोफाच नाही, मला फार वाईट वाटलं. याची लव आखूड आणि जाडसर, चमक मंद, हात फिरवला की लव एका बाजूला झोपते आणि तिथे शेड थोडी उजळ दिसते, तर सीटवर असे एक-दोन पट्टे हवेत. शिवण जवळून दिसावी, बसून बसून पडतो तसा हलका खळगा चालेल.

बाकीचे रंग सोफ्याच्या मागे राहिले पाहिजेत. भिंती #EFE7D8, मॅट. फरशी कोटा, हिरवट-करडी, आहे तीच, तिचं मार्बल करू नकोस. दोन कुशन कोल्हापुरी चपलेच्या कच्च्या चामड्याच्या रंगाच्या, एक हळदी, बस. सागवानी टीपॉय, त्यावर पितळी तांब्या.

उजेड डिसेंबरातला, सकाळी ९ चा, फक्त खिडकीतून, घरातला एकही दिवा चालू नको. या दिवसांत सूर्य आग्नेयेकडे असतो, म्हणून ऊन खिडकीतून सरळ न येता तिरकं वायव्येकडे जातं, सोफ्याचा उजवा हात आणि त्याच्या पुढची फरशी उजळते, डावं टोक सावलीत राहतं पण काळं पडत नाही. गजांच्या सावल्याही त्याच दिशेने तिरक्या पडू देत. पातळ सुती पडदा अर्धाच ओढलेला, पडद्यातून आलेला उजेड मऊ आणि उघड्या बाजूचा कडक, हा फरक दिसायलाच पाहिजे. खिडकीबाहेरचं झाड थोडं जास्त उजळ चालेल, पांढरंफट्ट नको.

फॉल्स सीलिंग, झुंबर, माणसं, भिंतीवर अक्षरं, काही नको. ४:३ मध्ये दोन इमेज दे: एक हीच, दुसरी पडदा पूर्ण ओढून, कॅमेरा आणि सोफ्याचा रंग जराही न हलवता.