पुरामुळे भाडं कमी करण्याबाबत

कारेलीबाग, वडोदरा
10 सप्टेंबर 2024

आदरणीय काका, सा. न.

विश्वामित्रीचं पाणी ओसरलं, पण मागच्या दोन खोल्या वापरता येत नाहीत. प्लास्टर सुटलंय, वायरिंग ओलं आहे. मुलांना तिकडे फिरकू देत नाही. दुरुस्ती होईपर्यंत, 1 सप्टेंबरपासून, भाडं 12,000 ऐवजी 7,000 रुपये धरावं. डिपॉझिट आणि करार आहे तसाच राहू द्या.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार पुरानं घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर करार संपवण्याचा पर्याय भाडेकरूला असतो. इथलं नुकसान दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि आम्हाला हे घर मुळीच सोडायचं नाही. त्या कलमात भाडेकपातीचा आकडा नाही, म्हणून आपसांत लिहून सह्या करू. रविवारी सकाळी येऊ का?

आपला,
तळमजल्यावरचा भाडेकरू