‘माहेरची चव’ परभाषेत नेताना

ताई,

तुर्भ्याच्या कारखान्यातून पाठवलेले लोणच्याच्या लेबलांचे नमुने मिळाले. ‘माहेरची चव, डब्यात भरून’ ही ओळ हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत शब्दाला शब्द लावून केली आहे, छापायला टाकू का, असं विचारलंत. अजून टाकू नका.

या ओळीचा जीव ‘माहेर’ आणि ‘डबा’ या दोन शब्दांत आहे. लेक सासरी निघाली की आई लोणच्याचा डबा पिशवीत कोंबतेच, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हिंदीत माहेराला ‘मायका’ आहे, माया तीच. पण तुमच्या नमुन्यातलं ‘डिब्बे में बंद’ वाचलं की डोळ्यापुढे टिनातलं, कधीचं पडून राहिलेलं अन्न येतं. शिवाय मुंबईच्या हिंदीत आपटलेल्या सिनेमाला ‘डब्बा’ म्हणतात. म्हणून मी ‘मायके से आया है’ एवढंच ठेवेन. डबा गेला, पण आईनं पाठवल्याची भावना राहिली, आणि विकायची तीच आहे.

गुजरातीत ‘पियर’ चपखल बसतो. घोटाळा मागच्या बाजूला आहे. ‘नवराही मागून खाईल’ यातला नवरा भाषांतरकारानं ‘नवरो’ करून ठेवलाय. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, काहीच काम नसलेला! सुरतेच्या बाईनं ते वाचून काय समजायचं? शेजारच्या भाषेत असे ओळखीचे चेहरे फार फसवतात. आपली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते, तसंच.

इंग्रजीत माहेराला शब्दच नाही, कारण सासर-माहेर ही विभागणीच तिथे नाही. ‘मदर्स हाउस’ म्हणजे नुसता पत्ता झाला. लंडनच्या दुकानासाठी ‘फ्रॉम माय मदर्स किचन’ घ्या, त्याला चुलीची ऊब आहे.

दुबईच्या लेबलावर अरबी मजकूर येणार, तेव्हा चित्रंही तपासा. तुमच्या पट्टीवर डावीकडून कैरी, मसाला, भरलेली बरणी आहे. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणजे बरणीतून कैरी बाहेर निघेल.

तुमच्या पुतण्यानं सांगितलेली शेवरोले नोव्हाची गोष्ट मात्र सोडून द्या. स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’, म्हणून गाडी खपली नाही, असं सांगतात. प्रत्यक्षात ती मेक्सिको आणि व्हेनेझुएलात बऱ्यापैकी खपली. खरा दाखला मित्सुबिशी पजेरोचा. स्पॅनिशमध्ये तो शब्द अश्लील शिवी आहे, म्हणून तिथे गाडी ‘मोंतेरो’ नावानं विकली.

आता एक करा. नवी गुजराती ओळ सुरतेच्या तुमच्या वितरकाच्या घरी, मराठी न येणाऱ्या बाईला वाचायला द्या. तिला काय कळलं ते तिच्याच शब्दांत लिहून आणा, मूळ ओळ आधी सांगू नका. ते हाती आलं की मी ठाण्याहून वाशीच्या छापखान्यात येते, प्रूफ दोघी मिळून पाहू.