टप्पेवार कार्य आराखडा आणि मोजमापाचे निर्देशक
प्रकल्प: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा घरोघरी पाठपुरावा (कालावधी १८ महिने)

३० ते ७९ वयोगटातल्या साधारण दर तीन प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब असतो. बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नाही, त्यामुळे निदान झालं तरी गोळ्या मध्येच सुटतात. म्हणून किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली हे आकडे या आराखड्यात निर्देशक म्हणून धरलेले नाहीत. नोंदलेल्या माणसाचा रक्तदाब सहा महिन्यांनी १४०/९०च्या खाली आला का, एवढाच आमचा मुख्य निर्देशक आहे.

टप्पा १: तयारी (महिना १ ते ३)
८ स्वयंसेवकांना ३ दिवसांचं प्रशिक्षण: मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसवणं, पाठीला व हाताला आधार, दंडाच्या मापाचा पट्टा, दोनदा मोजून सरासरी. शेवटी प्रत्येकाची परीक्षा होईल. १० पैकी किमान ८ मोजण्या परिचारिकेच्या मोजणीच्या ५ अंकांच्या आत हव्यात.
निर्देशक: ८ पैकी किमान ७ जण उत्तीर्ण, आरोग्य केंद्राशी लेखी करार. अनुत्तीर्ण स्वयंसेवक गाठीभेटी घेईल, पण यंत्र हाताळणार नाही.

टप्पा २: तपासणी व नोंदणी (महिना ४ ते ७)
३० वर्षांवरील १,२०० जणांची घरी तपासणी. दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला, किंवा औषध आधीच चालू असलं, तरच नोंदणी. १८०/११० किंवा त्याहून जास्त आढळल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवलं जाईल.
निर्देशक: ३०० नोंदण्या. नोंदणीच्या दिवशी नियंत्रणात असलेल्यांचं प्रमाण हीच आमची आधाररेषा. ते आज अंदाजाने लिहिण्यापेक्षा सातव्या महिन्याच्या अहवालात मोजून देऊ.

टप्पा ३: डॉक्टरांपर्यंत पोहोचणं (महिना ४ ते ८)
निर्देशक: नोंदणीपासून ३० दिवसांत ३०० पैकी २४० जणांची डॉक्टरांची पहिली भेट. पुरावा म्हणून केंद्राच्या नोंदवहीतली तारीख धरू. ‘जाऊन आलो’ हे तोंडी उत्तर चालणार नाही.

टप्पा ४: सहा महिन्यांनंतरचं नियंत्रण (महिना १० ते १४)
दर महिन्याला एक घरभेट: रक्तदाब, उरलेल्या गोळ्यांची मोजणी, पुढच्या तपासणीची तारीख. प्रत्येकाच्या नोंदणीला सहा महिने झाले की शेवटची मोजणी ग्राह्य धरली जाईल. शेवटची नोंदणी सातव्या महिन्यात असल्याने पूर्ण हिशेब चौदाव्या महिन्यात हाती येईल.
निर्देशक: ३०० पैकी १३५ जण (४५ टक्के) नियंत्रणात. भागाकारात खालचा आकडा कायम ३००च राहील. गाव सोडून गेलेले, दार न उघडणारे, औषध नाकारणारे हे सगळे ‘नियंत्रणात नाही’ असेच मोजले जातील. यामुळे आमची टक्केवारी कमी दिसेल, याची कल्पना आहे. ती १०५च्या (३५ टक्के) खाली गेली, तर कारणांची विभागणी (औषधाचा तुटवडा, भेट चुकली, मात्रा वाढवली नाही) महिनाभरात सादर करू.

टप्पा ५: हस्तांतरण (महिना १५ ते १८)
नोंदवही आरोग्य केंद्राकडे जाईल.
निर्देशक: आमच्या आठवणीशिवाय ठरल्या तारखेला न येणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं.

आकड्यांची पडताळणी
दर १० घरभेटींपैकी एका घरी समन्वयक ७ दिवसांत पुन्हा जाईल. शिवाय दर महिन्याला प्रत्येक स्वयंसेवकाच्या नोंदींचा शेवटचा अंक तपासला जाईल. डिजिटल यंत्रावर शून्याने संपणारे आकडे साधारण १० टक्के यायला हवेत. कुणाच्या वहीत ते २० टक्क्यांच्या वर गेले, तर आकडे अंदाजाने भरले जात असल्याचा संशय घेऊन त्या महिन्याच्या सर्व भेटी पुन्हा होतील. ‘१४०/९०, १३०/८०, १४०/८०’ अशी सलग पानं भरणं किती सोपं असतं, हे घरोघरी काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

निधीचे हप्ते
सुरुवातीला ४० टक्के, टप्पा २ पूर्ण झाल्यावर ३५ टक्के, टप्पा ४चा अहवाल मिळाल्यावर २५ टक्के. एक विनंती: शेवटचा हप्ता ४५ टक्क्यांच्या उद्दिष्टाशी बांधू नये. तो पडताळणीसह पूर्ण आकडे वेळेत देण्याशी जोडावा. पैसे टक्केवारीवर अडले, तर अवघड रुग्ण नोंदणीतच गाळण्याचा मोह होतो, आणि घरभेटीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते.