एलएल.एम. प्रबंधाच्या मौखिकीचा सराव: वडोदरा, दांडिया बाजार

प्रबंध इंग्रजीत असला तरी हा सराव मराठीत घेण्यात आला. विषय: भारताच्या कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 166 आणि ब्रिटनच्या कंपनी अधिनियम, 2006 मधील कलम 172 यांची तुलना.

अध्यक्षा: प्रास्ताविक वगळा. आपला निष्कर्ष काय?

उमेदवार: दोन्ही कायदे संचालकांना सभासदांच्या हिताबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचाही विचार करायला लावतात, म्हणून या घटकांना मिळणारे संरक्षण समान आहे.

बाह्य परीक्षक: इथेच माझा आक्षेप आहे. कलम 172 मध्ये सभासदांच्या हितासाठी कंपनीचे यश साधणे हे मूळ कर्तव्य आहे आणि इतरांचे हित ते पार पाडताना लक्षात घ्यायचे असते. कलम 166(2) मध्ये मात्र कंपनी, कर्मचारी, भागधारक आणि समाज यांचे हित एकाच ओळीत येते. एवढा फरक असताना ‘समान’ हा शब्द कुठून आला?

उमेदवार: मी प्रकार्यवादी पद्धत वापरली आहे, सर. शब्दांपेक्षा नियम कोणता प्रश्न सोडवतो, हे तीत पाहिले जाते.

बाह्य परीक्षक: मग तो प्रश्न न्यायालयात कोण नेऊ शकतो, हे पाहायला नको का? इंग्लंडमध्ये एकटा सभासद कलम 260 खाली कंपनीच्या वतीने दावा दाखल करू शकतो, पुढे चालवण्यास न्यायालयाची परवानगी लागते. आपल्या कलम 245 ला किमान सभासदसंख्येची किंवा भागभांडवलातील हिश्श्याची अट आहे. आणि कर्मचाऱ्यांना यांपैकी कोणतेही दार उघडे नाही.

उमेदवार थोडा वेळ थांबली. (हा सरावातला सर्वांत उपयोगी क्षण होता, असे टिपणकाराचे मत आहे.)

उमेदवार: मान्य आहे. मी कर्तव्याचा मजकूर तपासला, अंमलबजावणीची वाट तपासली नाही.

मार्गदर्शक: निवाड्यांचा कालखंड 2014 पासून का धरला?

उमेदवार: कलम 166 तेव्हा, 1 एप्रिलला, अमलात आले म्हणून.

मार्गदर्शक: परंतु कलम 172 ऑक्टोबर 2007 पासून लागू आहे. ब्रिटिश न्यायालयांची पहिली साडेसहा वर्षे गाळून, नव्या भारतीय कलमाशी त्यांच्या रुळलेल्या कलमाची तुलना केल्यासारखे होते. शिवाय राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण 2016 मध्ये आले, त्यामुळे तुमच्या भारतीय कालखंडाचेही मधेच दोन तुकडे पडतात.

उमेदवार: ब्रिटिश निवाडे 2007 पासून घेईन आणि 2016 ची सीमा तक्त्यात दाखवीन. तडजोडीने मिटलेले वाद छापील निवाड्यांत दिसत नाहीत, ही मर्यादाही नोंदवीन.

अध्यक्षा: आता निष्कर्ष पुन्हा सांगा.

उमेदवार: दोन्ही कायदे समान हितसंबंधांची नावे घेतात, त्यांचा क्रम आणि दाद मागण्याचा अधिकार मात्र भिन्न आहे.

अध्यक्षा: ठीक. हा बदल सारांशातही करा, तिथे अजून ‘समान संरक्षण’ असेच लिहिलेले आहे.