तीन सुती

वडिलांच्या गुडघ्यांना दुकानाच्या पायऱ्या झेपेनात, तेव्हा दिवाळीनंतर रविवार कारंजाजवळचं हार्डवेअरचं दुकान अमोलच्या गळ्यात पडलं. अंबडच्या एका कंपनीत त्यानं स्टोअर सांभाळलं होतं. त्यामुळे माल कसा लावायचा हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं स्वच्छ मत. आठवड्याभरात खणाखणाला लेबलं लागली, गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर आला आणि सगळे बोल्ट मिलिमीटरप्रमाणे रांगेत बसले.

मग रघुनाथ मिस्त्री आले.

"तीन सुती बोल्ट दे. दोन इंची. डझनभर."

अमोलनं कॉम्प्युटरवर शोधलं. सूत कुठेच नव्हतं.

"इंचाचे आठ सूत," मिस्त्री चष्मा पुसत म्हणाले. "तीन सूत म्हणजे तुझे साडेनऊ मिलिमीटर. दहाचा गळ्यात मारू नकोस, भोकं पाडून झालीत."

बोल्ट घेऊन ते गेले नाहीत. दुकानातलं लाकडी स्टूल वर्षानुवर्षं त्यांचंच असावं, तसे त्यावर टेकले. भद्रकालीतल्या एका वाड्याचं दार दुरुस्तीला होतं आणि मालक काही लवकर येणार नव्हता.

तेवढ्यात एक तरुण तावातावानं आला. काउंटरवर पितळी स्क्रू ओतले. निम्म्यांची डोकी तुटलेली. "काय माल देता हो? सागवानी दाराला लावत होतो. पिळलं की तुटतंय!"

अमोलनं बदलून द्यायला नवं पाकीट काढलं. कंपनीत तरी तसंच करायचे, वाद नको.

"ते पण तोडून आणेल," मिस्त्री स्टुलावरूनच म्हणाले. त्यांनी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मागितला आणि पिशवीतून सागाचा एक तुकडा काढला. तुकड्याला गिरमिटानं बारीक भोक पाडलं. हात धुवायच्या साबणाच्या वडीवर स्क्रू दोनदा घासला आणि भोकात पार आत पिळला. मग उलटा फिरवून काढला आणि त्याच वाटेनं पितळी स्क्रू घातला. तो नुसत्या मनगटानं आत गेला. डोकं चकचकीत, खाचेवर ओरखडा नाही.

"पितळ मऊ. सागात त्याला झगडायला लावायचं नाही, आधी लोखंडानं वाट करायची." तरुण गप्प झाला. लोखंडी स्क्रू त्यानं विकत घेतले, साबणाचं मात्र काही विचारलं नाही.

"तुझे वडील विकतानाच विचारायचे, कुठं लावायचंय म्हणून," मिस्त्री अमोलला म्हणाले.

उधारीचं प्रकरण याहून अवघड निघालं. वहीतली सगळी येणी अमोलनं कॉम्प्युटरवर चढवली आणि नव्वद दिवस उलटलेल्यांना व्हॉट्सअॅपवर आठवण पाठवली. दुसऱ्याच दिवशी दिंडोरीचे बापू मोटारसायकल लावून दुकानात उभे. द्राक्षबागेच्या मांडवाची तार त्यांनी इथूनच नेली होती.

"मेसेज तू केलास?"

"हो बापू. बाकी बरीच जुनी आहे."

"आत्ता महिना कोणता? ऑक्टोबरची छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आहे. रोज आभाळ बघून औषध मारतोय. पैसे कुठून काढू, पानातून?" आवाज चढला होता, पण मग बापूंनीच वही मागितली. आपल्या नावाचं पान काढून बोट ठेवलं. रकमेसमोर वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: माल गेल्यावर. तारखेच्या रकान्यातच लिहिलं होतं, म्हणून अमोलनं ते तसंच सोडून दिलं होतं.

"मार्चात बाग खाली झाली की पहिला फेरा इकडेच असतो माझा. विचार घरी."

जाताना त्यांनी दाराशी ठेवलेल्या नव्या तारेचं टोक एका सळईभोवती गुंडाळलं, नखानं खरवडलं. पांढरा पापुद्रा सुटला. "ही कुणाला मांडवाला देऊ नको. दोन पावसात गंजेल."

अमोलनं ते बंडल आत टाकलं आणि घाऊकवाल्याला फोन लावला. फोनवर बराच वेळ गेला, आवाज चढवावा लागला, पण माल परत घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी एका गृहस्थांनी अर्धा किलो तीन इंची खिळे मागितले.

"कुठं ठोकायचेत?" अमोलनं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? द्यायचे तर द्या."

"तसं नाही, कडेला ठोकायचे असतील तर लाकूड फाटतं. टोक जरा बोथट करून..."

गृहस्थ समोरच्या दुकानात गेले. स्टुलावर मिस्त्री खदखदून हसले. "तुझ्या बापाचीही अशीच जायची गिऱ्हाइकं. चल, मला चार बिजागऱ्या दे. चार इंची, पितळी. आणि लिहून ठेव."

"मिस्त्री, पैसे कधी?"

"वाड्याचं दार बसलं की."

अमोलनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथं तारीख टाकल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. त्यानं गल्ल्याखालून वही ओढली, पेन झटकलं आणि मिस्त्रींच्या नावापुढं लिहिलं: चार बिजागऱ्या, दार बसल्यावर.

"डझनभर बोल्ट राहिले," मिस्त्री म्हणाले. "त्या दिवशीचे."