भाडेवाढ टप्प्याटप्प्याने लागू करण्याबाबत विनंतीपत्र

सौ. माधवी उमेश कर्णिक
लोकमान्य नगर, इंदूर
दिनांक 6 जून 2026

प्रति,
श्री. श्रीधरराव पागनीस
टिळक नगर, इंदूर

विषय : 1 जुलै 2026 पासूनची भाडेवाढ तीन टप्प्यांत लागू करण्याबद्दल.

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मेच्या अखेरीस आपण घरी आलात, तेव्हा येत्या 30 जूनला संपणाऱ्या भाडेकरारानंतर घराचे भाडे 11,000 रुपयांवरून 14,000 रुपये करायचे ठरवले असल्याचे आपण आम्हाला सांगितलेत. त्या वेळी ह्यांनी “बघून सांगतो” एवढेच उत्तर दिले. आम्ही दोघांनी घरखर्चाची वही पुढ्यात घेऊन सगळा हिशेब पुन्हा मांडला. ती वही मीच लिहिते, म्हणून हे पत्रही मी लिहीत आहे. खाली सही मात्र दोघांची आहे. आकडे तोंडी सांगताना मागेपुढे होतात आणि भिडेपोटी काही राहूनही जाते, यासाठी लेखी कळवणे बरे वाटले.

14,000 रुपये भाडे आम्हाला मान्य आहे, हे आधीच स्पष्ट करते. आमच्याच गल्लीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घरांना आता याच्या आसपास भाडे मिळते, आणि त्यांतल्या कित्येक घरांना पुढचे अंगणही नाही. जानेवारी 2021 मध्ये आम्ही 9,000 रुपयांवर राहायला आलो. नोव्हेंबर 2022 च्या करारात आपण 10,000 केलेत, सप्टेंबर 2024 मध्ये 11,000, आणि गेल्या ऑगस्टचा करार तर काहीही न वाढवता केलात. सईच्या आजीचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि आपण ते लक्षात ठेवले होते, याची आम्हाला जाणीव आहे. त्यामुळे आकड्याबद्दल घासाघीस करण्यासाठी हे पत्र नाही. 3,000 रुपये म्हणजे सध्याच्या भाड्याच्या सव्वासत्तावीस टक्के वाढ एकाच महिन्यात अंगावर घेणे आम्हाला जमण्यासारखे नाही, पण येत्या अकरा महिन्यांत ती पायरीपायरीने नक्की जमेल, आणि कोणत्या महिन्यात किती जमेल हेही आज सांगता येते.

त्यासाठी आमची मिळकत आणि खर्च उघडपणे मांडते. ह्यांना पीथमपूरच्या कारखान्यातून एप्रिलच्या वाढीसह हातात 31,500 रुपये मिळतात, माझा बालवाडीतला पगार 9,500 रुपये आहे. दोन्ही मिळून 41,000. यातून आपले भाडे 11,000, वीज सरासरी 1,400, किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून 11,000, सईची शाळेची फी आणि व्हॅन 5,200, आईंची औषधे 2,800, पेट्रोल आणि दोन मोबाइल 2,650, असा खर्च आहे. याशिवाय दोन हप्ते आहेत : आईंच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या कर्जाचा 4,650 रुपयांचा आणि फ्रीजचा 1,450 रुपयांचा. एकूण खर्च 40,150 होतो आणि हातात 850 रुपये राहतात. कोणाला ताप आला, नात्यात लग्न निघाले, स्कूटर पंक्चर झाली, हे सगळे याच 850 मधून भागवायचे असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. 1 जुलैपासून एकदम 14,000 द्यायचे झाले, तर दर महिन्याला 2,150 रुपये कमी पडतील, आणि ते उसने आणल्याशिवाय किंवा सईच्या फीला हात लावल्याशिवाय निघणार नाहीत. यातले दुसरे आम्ही करणार नाही, आणि पहिले केले तर दोन-तीन महिन्यांत आपल्या भाड्याचीच तारीख चुकू लागेल. साडेपाच वर्षांत ती कधी चुकलेली नाही, आणि ती चुकायला नको म्हणूनच आज लिहिते आहे.

हे दोन्ही हप्ते कायमचे नाहीत, आणि माझी सगळी विनंती त्यावरच उभी आहे. फ्रीजचा शेवटचा हप्ता डिसेंबर 2026 मध्ये जाईल, ऑपरेशनच्या कर्जाचा मे 2027 मध्ये. नवा अकरा महिन्यांचा करारही 31 मे 2027 लाच संपतो. तेव्हा 1 जुलै ते 31 डिसेंबर 2026 या सहा महिन्यांत आपण दरमहा 12,000 रुपये घ्यावेत, 1 जानेवारी ते 31 मे 2027 या पाच महिन्यांत 13,000 घ्यावेत, आणि 1 जून 2027 पासून नव्या करारात पूर्ण 14,000 रुपये लागू करावेत, अशी विनंती आहे. पहिल्या टप्प्यात आमचे 150 रुपये तरीही कमी पडतात. महिन्याचा किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून थोडा थोडा आणण्याऐवजी सियागंजातून एकदम भरला की तेवढे सुटतील. जानेवारीत फ्रीजचा हप्ता संपला की 13,000 देऊनही 300 रुपये हाती राहतात, आणि जूनपासून तर 14,000 देणे मुळीच जड जाणार नाही.

यात आपले नुकसान किती होते, तेही मी मोजले आहे. 14,000 रुपयांप्रमाणे अकरा महिन्यांचे 1,54,000 झाले असते. वर लिहिल्याप्रमाणे 1,37,000 होतात, म्हणजे 17,000 रुपये कमी. हा सगळा भार आपल्यावर टाकणे बरोबर नाही. ह्यांचा बोनस दिवाळीच्या आधी होतो आणि यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्या बोनसमधून 5,000 रुपये आम्ही नोव्हेंबरच्या भाड्यासोबत एकरकमी देऊ. बोनसचा बाकीचा भाग सईच्या दहावीच्या खर्चासाठी आधीच बाजूला काढला आहे, नाहीतर यापेक्षा जास्त कबूल केले असते. म्हणजे आपल्या हाती 1,42,000 येतील : मागितलेल्यापेक्षा 12,000 कमी, पण आजच्या भाड्याच्या हिशेबाने येणाऱ्या 1,21,000 पेक्षा 21,000 जास्त.

पैशाशिवाय आमच्याकडून होण्यासारखे एक काम आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला गच्चीच्या पन्हाळीखाली गेल्या पावसाळ्यापासून ओल धरते. ओट्याच्या वर हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटले आहेत आणि डब्यांची फळी मला तिथून हलवावी लागली. आपण माणूस बघतो म्हणाला होतात. पन्हाळीचा सांधा गवंड्याकडूनच भरून घ्यावा लागेल, ते आमच्या हातचे नाही. पण तो भरल्यावर आणि भिंत सुकल्यावर पोपडे खरवडणे, पुट्टी लावणे आणि स्वयंपाकघर व मागची खोली रंगवणे हे काम हे स्वतः दोन-तीन रविवारांत करतील. आपण फक्त पुट्टी आणि डिस्टेंपर आणून द्यावे, मजुरीचा खर्च आपल्याला पडणार नाही. पुढची खोली त्यांनी स्वतःच रंगवली होती, ती आपण पाहिली आहेच. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते तेव्हा पहाटे उठून हौद भरणे, मोटर चालवून वरच्या मजल्यावरच्या मुलांची टाकीही भरून घेणे, हे आम्ही आजवर करत आलो आहोत आणि पुढेही करू. त्याचा मी या हिशेबात मोबदला धरलेला नाही, कारण ते शेजारधर्मातले आहे.

घर बदलण्याचा विचार आम्ही केला का, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. केला, पण आईंना जिना चढवत नाही आणि तळमजल्यावरचे घर या भागात सहज मिळत नाही. सईची बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी आहे, त्याच्या आत शाळेपासून लांब जाणे योग्य नाही. शिवाय खरे सांगायचे तर सामान हलवणे, नवे डिपॉझिट आणि दलालाची दलाली यांत जेवढे जातील, तेवढ्यात आपली वाढच भरून निघेल. म्हणून इथेच राहण्याची आमची इच्छा आहे, आणि 31 मे 2027 पर्यंत आम्ही घर सोडणार नाही असे करारात लिहून द्यायला तयार आहोत. आमच्याच कारणाने त्याआधी सोडावे लागले, तर तोपर्यंतच्या महिन्यांचा 14,000 च्या हिशेबाने राहिलेला फरक, दिवाळीत दिलेले पैसे वजा करून, आपण डिपॉझिटमधून कापून घ्यावा. डिपॉझिट सध्या दोन महिन्यांचे, म्हणजे 22,000 रुपये आपल्याकडे आहे; ते मात्र मे 2027 पर्यंत तेवढेच राहू द्यावे, कारण आत्ता त्यात भर घालायची झाली तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

आपल्याला हे तंतोतंत मान्य नसेल, तर जानेवारीचा टप्पा 13,000 ऐवजी 13,500 रुपयांचा करता येईल. त्या पाच महिन्यांत आमची दरमहा 200 रुपयांची ओढाताण होईल, पण ती आम्ही निभावू. पहिल्या सहा महिन्यांत मात्र 12,000 रुपयांच्या वर जाणे खरोखर शक्य नाही, आणि पाळता येणार नाही असा शब्द देण्यापेक्षा आज नाही म्हटलेले बरे.

आपल्याला मान्य असल्यास हे टप्पे आणि तारखा नव्या करारातच लिहून घ्याव्यात, म्हणजे जानेवारीत कोणाला कोणाची आठवण करून द्यावी लागणार नाही. स्टॅम्प पेपरचा आणि टायपिंगचा खर्च नेहमीप्रमाणे निम्मा-निम्मा. करार 30 जूनच्या आत व्हायला हवा, म्हणून शक्य झाल्यास 15 तारखेपर्यंत आपला निर्णय कळवावा. आपण बोलावाल त्या संध्याकाळी साडेसातनंतर, म्हणजे ह्यांची कंपनीची बस आल्यावर, आम्ही दोघे टिळक नगरला येऊ. येताना वहीही आणू, एखाद्या आकड्याबद्दल शंका असेल तर तिथल्या तिथे पाहता येईल.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपले नम्र,

सौ. माधवी उमेश कर्णिक
उमेश वामन कर्णिक